लेहेंगा शिवायला टाकण्याआधी वहीत लिहायच्या चार ओळी

लेहेंगा शिवायला येणारी मुलगी बहुतेक वेळा फोनमधला एक फोटो पुढे करते आणि म्हणते, "मावशी, असाच हवा." फोटोत रंग कळतो, नक्षी कळते. पण घागऱ्याला कळ्या किती आहेत, आतून नेट लावलीय का, चोळीच्या शिवणी कुठून गेल्यात, ओढणी खांद्यावर कशाच्या आधाराने थांबलीय, यातलं काहीच फोटोत दिसत नाही. नेमक्या याच गोष्टींवर कापड किती लागणार, खर्च किती येणार आणि लग्नाच्या दिवशी अंगावर ते नीट बसणार की नाही, हे ठरतं.

म्हणून मी प्रत्येक लेहेंग्यासाठी वहीत चार ओळी लिहून घेते: ओढणी, घेर, चोळी, काम. क्रमही हाच ठेवते. दुकानात सगळ्यांची नजर आधी कामावर जाते, मग घेरावर, आणि ओढणी शेवटी "काय असेल ते" म्हणून घेतली जाते. मी उलट सांगते. ओढणी कशी घ्यायची ते ठरल्याशिवाय चोळीचा कुठला भाग दिसणार हे कळत नाही, आणि जो भाग दिसणारच नाही त्याच्या भरतकामाचे पैसे कशाला मोजायचे?

माझ्या भाचीचा स्वागत समारंभाचा लेहेंगा मी अशाच चार ओळींवर शिवला. तोच उदाहरण म्हणून घेते.

पहिली ओळ: ओढणी

ओढणी घ्यायच्या पद्धती खूप असल्या तरी सुरुवातीला तीनच ओळखता आल्या तरी पुरे. पहिली म्हणजे सीधा पल्ला. गुजराती साडीसारखी ओढणी मागून उजव्या खांद्यावरून पुढे येते, पदर छातीवर पसरतो आणि त्याचं टोक डाव्या कमरेला खोचतात किंवा पिनने अडकवतात. दुसरी डाव्या खांद्यावर निऱ्या घालून सोडायची, आपल्या नेहमीच्या पदरासारखी. तिसरीत ओढणी दोन्ही हातांवरून किंवा एकाच खांद्यावर मोकळी सोडतात. डोक्यावरून घ्यायची असेल तर बऱ्याच नवऱ्या हल्ली त्यासाठी वेगळी, हलकी नेटची दुसरी ओढणी घेतात. ते मला पटतं, कारण एकाच जड ओढणीने डोकंही झाकायचं आणि खांदाही सजवायचा म्हटलं की दोन्हीकडे ओढ बसते.

पद्धत ठरली की दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक म्हणजे चोळीचं काय दिसणार. सीधा पल्ला घेतला तर चोळीचा पुढचा बराचसा भाग झाकला जातो, मग काम पाठीवर आणि बाह्यांवर घ्यावं. डाव्या खांद्यावर निऱ्या असतील तर डावी बाजू झाकते, पण गळा आणि उजवी बाजू दिसते. ओढणी मोकळी असेल तरच पूर्ण पुढा दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ओढणीवर जड काम कुठे हवं. सीधा पल्ल्यात पदराचं आडवं टोक पुढे पसरतं, म्हणून भरीव नक्षी त्या टोकाला हवी. निऱ्या घालून सोडलेल्या ओढणीत मात्र लांबीच्या बाजूचा काठ उभा दिसतो. तिथे काठ रुंद आणि टोक साधं असलं तरी चालतं. चारही बाजूंना सारखंच जड काम केलेली ओढणी दुकानात भारदस्त वाटते, पण तिच्या निऱ्या बसत नाहीत आणि ती खांद्यावरून घसरत राहते.

लांबी अडीच मीटर घ्या. सव्वादोन मीटरमध्ये निऱ्या जमतात, पण सीधा पल्ला कमरेपर्यंत पोचताना अपुरा पडतो, उंच मुलीला तर नक्कीच.

पिन लावण्याची जागाही आधीच ठरवून ठेवते. ओढणी नुसत्या चोळीच्या कापडाला टाचली तर तासाभरात तिथे भोक दिसायला लागतं. पिन खांद्याच्या शिवणीतून, अस्तरासकट घ्यायची. नेटच्या ओढणीला त्या जागी आतून दोन बोटं रुंदीचा कापडी तुकडा हाताने टाचून ठेवला की पिन नेटला धरत नाही, तुकड्याला धरते.

भाचीचं सासर गुजराती, त्यामुळे सीधा पल्ला ठरलेलाच होता. पहिली ओळ झाली: सीधा पल्ला, अडीच मीटर, एका टोकाला रुंद काम, बाकी तिन्ही बाजूंना बोटभर किनार.

दुसरी ओळ: घेर

घेर म्हणजे घागऱ्याच्या खालच्या कडेची एकूण लांबी. "भरपूर घेर हवा" असं लिहून उपयोग नाही, आकडा लिहायचा. त्या आधी घागरा कुठल्या पद्धतीने बेतायचा ते ठरवायचं.

चुण्यांचा घागरा सगळ्यात सोपा. सरळ कापड जोडून कमरेला चुण्या घालायच्या, आपल्या लहान मुलींच्या परकरासारखा. सुती किंवा पातळ रेशमी कापडाला हा छान. पण जरीच्या जाड कापडाचं चार मीटर तीस इंचात दाबलं की कमरेवर पुठ्ठा बांधल्यासारखं दिसतं.

अंब्रेला कटमध्ये घागरा पूर्ण वर्तुळ असतो. कमरेला एकही चुणी नाही आणि खाली घेर प्रचंड. कमर 30 इंच आणि उंची 40 इंच धरली तर खालचा घेर 280 इंच, म्हणजे सात मीटरच्या वर जातो. याची अडचण वेगळी आहे. वर्तुळात कापड काही ठिकाणी उभ्या धाग्यावर, तर काही ठिकाणी तिरकं, उरेब येतं. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि कड वरखाली होते. म्हणून अंब्रेला शिवला की निदान एक रात्र टांगून ठेवायचा आणि मगच कड सारखी कापून दुमडायची. घाईत हे राहिलं तर समारंभात घागरा दोन बाजूंनी जमिनीवर लोळतो आणि दोन बाजूंनी घोटे दाखवतो.

फिशटेल गुडघ्यापर्यंत अंगाला बसलेला आणि खाली फुललेला असतो. उभं राहायला सुंदर, पण पाटावर बसायचं असेल तर घेऊ नका. त्यात मांडीच घालता येत नाही.

राहिला कळीदार. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशी लांब पट्टी. अशा आठ, बारा, सोळा किंवा त्याहून जास्त कळ्या जोडल्या की कमरेला सपाट आणि खाली फुललेला घागरा तयार होतो. नवख्या मुलींना मी हाच सुचवते, कारण घेर इंचाइंचाने आपल्या हातात राहतो. बेतताना चुका होतात त्याही इथेच, म्हणून भाचीच्या घागऱ्याचा हिशेब पूर्ण सांगते.

घागरा जिथे बांधायचा तिथलं माप 30 इंच. उंची मोजताना तिला समारंभातल्या चपला घालून उभं केलं आणि बांधायच्या जागेपासून जमिनीला अर्धा इंच कमी एवढं माप घेतलं, ते आलं 40. अनवाणी मोजलेला घागरा टाचांवर आखूड होतो, हे दरवर्षी कुणाच्या तरी बाबतीत घडतं.

बारा कळ्या धरल्या. वर प्रत्येक कळी अडीच इंच, म्हणजे बाराच्या 30. खाली प्रत्येकी 14 इंच, म्हणजे घेर 168 इंच, सव्वाचार मीटर. दोन्ही बाजूंना शिवणीत जाणारं अर्धा अर्धा इंच जास्तीचं कापड, म्हणजे माया, धरली की कापायची कळी वर साडेतीन आणि खाली पंधरा इंच होते. वर कमरपट्टीसाठी एक इंच आणि खाली दुमडायला दोन धरून लांबी 43.

कापडाचा पन्हा 44 इंच. कळ्या उलटसुलट ठेवल्या, म्हणजे एकीचं डोकं वर तर शेजारचीचं खाली, तर एका पन्ह्यात चार कळ्या जेमतेम बसतात. बारा कळ्यांसाठी 43 इंचांचे तीन तुकडे पुरतात आणि एकूण कापड सव्वातीन मीटरच्या किंचित वर लागतं. किती स्वस्तात झालं, असं वाटतं ना?

पण भाचीने निवडलेलं कापड बनारसी ब्रोकेडचं होतं आणि त्यावर उभ्या फुलदाण्यांच्या बुट्ट्या होत्या. कळ्या उलटसुलट कापल्या असत्या तर एकाआड एक कळीवर फुलदाणी डोक्यावर उभी दिसली असती. साध्या मखमलीचीही हीच गोष्ट. मखमलीला लव असते. हात वरून खाली फिरवला तर ती एक छटा दाखवते, खालून वर फिरवला तर दुसरी. मी नवीन होते तेव्हा मरून मखमल उलटसुलट बेतली होती. टेबलावर काहीच कळलं नाही. शिवून टांगल्यावर सहा कळ्या गडद आणि सहा फिक्या दिसल्या. ते कापड परत जोडता येत नव्हतं. नवीन आणावं लागलं आणि तो घागरा अजून माझ्या कपाटात आहे.

तर बुट्टीला किंवा लवीला दिशा असेल तर सगळ्या कळ्या एकाच दिशेने ठेवायच्या. मग पंधरा इंची तळाच्या दोनच कळ्या एका पन्ह्यात बसतात, सहा तुकडे लागतात आणि कापड साडेसहा मीटरवर जातं. तेवढ्याच घागऱ्यासाठी दुप्पट कापड!

इथे मी कळीचा तळ एक इंचाने कमी केला. कापायची कळी खाली 14 इंच केली की तीन कळ्यांचे 42 होतात आणि 44 च्या पन्ह्यात त्या आरामात बसतात. बारा कळ्यांना चार तुकडे, म्हणजे 172 इंच, साधारण चार मीटर चाळीस सेंटिमीटर. शिवल्यावर घेर 168 चा 156 इंच झाला, चार मीटरला जरासाच कमी. एक फूट घेर गेला आणि दोन मीटरहून जास्त ब्रोकेड वाचलं. तो एक फूट कमी आहे हे अंगावर कुणालाही कळत नाही.

म्हणून दुकानात भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: पन्हा किती, आणि नक्षीला दिशा आहे का. खणाचा लेहेंगा करायची हौस असेल तर हे अजून महत्त्वाचं. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे मीटरचा सगळा हिशेब बदलतो.

कॅनकॅनबद्दल थोडं. घागरा फुगावा म्हणून आतून जी कडक नेट लावतात ती कॅनकॅन. ती वरच्या कापडाला नाही, अस्तराला लावायची, आणि कमरेपासून नाही, नितंबांच्या खाली सुरू करायची, नाहीतर पोट आणि कंबर जाड दिसते. नेटच्या खालच्या कडेला सुती पट्टी मारून घ्या. उघडी नेट पायांना ओरबाडते. आणखी एक, कॅनकॅनने घागरा बाहेर ढकलला गेला की कड वर उचलली जाते. त्यामुळे कॅनकॅन लावणार असाल तर उंचीत इंचभर जास्त धरा आणि खालची दुमड कॅनकॅन लावून झाल्यावरच करा.

दुसरी ओळ: कळीदार, 12 कळ्या, उंची 40 अधिक 1, घेर 156, कॅनकॅन एक थर, कमरपट्टी दोन इंची, आत कॅनव्हास, बाजूला चेन आणि नाडी दोन्ही. चेन घागरा सपाट बसवते आणि वजन नाडी पेलते. जड लेहेंगा नुसत्या चेनवर ठेवला तर नाचताना चेन उसवते.

तिसरी ओळ: चोळी

चोळीचा कट म्हणजे छातीचा उभार कापडात कसा बसवला, ते. साध्या टक्सच्या चोळीत कापड चिमटून शिवतात. पुढा एकसंध राहतो, पण खूप टिकल्या-मणी असलेल्या कापडाचे टक्स आतून टोचतात आणि बाहेरून गाठीसारखे दिसतात. कटोरी कटमध्ये छातीचा गोल भाग वेगळा कापून जोडतात. आपल्याकडच्या शिवणाऱ्या बायकांचा यावर हात बसलेला असतो आणि भरलेल्या छातीला तो चांगला आधार देतो. मात्र शिवण नक्षीच्या मधून जाते. प्रिन्सेस कटमध्ये खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईपासून, छातीवरून थेट खालपर्यंत एक उभी शिवण येते. मधला भाग सलग मिळतो, म्हणून गळ्याखाली मोठी नक्षी असेल तर हा कट घ्या.

मापं घेताना छाती, छातीखालची गोलाई, खांदा, मुंढा, बाही आणि चोळीची उंची सगळेच घेतात. दोन मापं मात्र राहून जातात: खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि दोन टोकांमधलं अंतर. ही चुकली तर कट कुठलाही असो, शिवण टोकाच्या बाजूने जाते आणि कापड तिथे रिकामं फुगतं. ही मापं समारंभात जी ब्रा घालायची तीच घालून घ्यावीत, किंवा चोळीत पॅड शिवणार असाल तर तसं आधीच सांगावं.

गळ्याचा माझा एक नियम आहे. पुढचा आणि मागचा, दोन्ही गळे खोल नकोत. पाठ खोल हवी असेल तर पुढा आवरता ठेवा आणि मानेखाली डोरी घ्या. डोरी शोभेची वाटते, पण खांदे जागेवर तीच धरते. डोरीशिवाय खोल पाठ असली की हात पुढे केल्यावर खांदा उतरतो, आणि मग दिवसभर एक हात खांद्याशीच राहतो.

ट्रायलला हात वर करून बघा. चोळी वर चढली तर बहुतेक जणी म्हणतात, मुंढा घट्ट होतोय, सैल करा. मुंढा खाली कोरून सैल केला की चोळी अजून जास्त चढते, कारण हात उचलला की बाही थेट कमरेकडचं कापड ओढते. मुंढा काखेला लागून वर असेल तर हात मोकळा फिरतो. म्हणून मुंढा उंच ठेवायचा आणि सैलपणा हवाच असेल तर बाहीच्या रुंदीत द्यायचा. शिवायच्या आधीच हे लिहून ठेवा, कारण खाली कोरलेला मुंढा परत वर नेता येत नाही.

बाजूच्या शिवणीत दीड इंच माया सोडायला सांगा. लग्नाआधीच्या महिन्यात वजन वरखाली होतंच.

तिसरी ओळ: प्रिन्सेस कट, पुढचा गळा सहा इंच, पाठ नऊ इंच खोल, वर डोरी, कोपरापर्यंत बाही, उंची 14, हुक मागे, बाजूला माया दीड इंच. हुक मागे घेतले तेव्हा तयार करताना मदतीला कोणीतरी लागणार, हे तिला तेव्हाच सांगून ठेवलं.

चौथी ओळ: काम

आता कामावर या. दुकानात "हॅन्डवर्क" हा शब्द सर्रास कानावर पडतो, म्हणून काय बघायचं ते सांगते. कापड उलटं करा. मशीनच्या भरतकामात मागे एकाच रंगाचा दोरा, बहुधा पांढरा, सारख्या टाक्यांनी धावलेला असतो आणि पुष्कळदा मागे चिकटवलेल्या कागदी अस्तराचे तुकडे राहिलेले असतात. आरीच्या कामात वरून साखळी दिसते आणि मागे साध्या टाक्यांची रेघ. कारागीर हुकासारख्या सुईने खालचा दोरा वर ओढून साखळी बांधतो. मागच्या बाजूला दोऱ्याची टोकं नीट गाठलेली आहेत का ते नक्की बघा. आरीच्या साखळीचं टोक सुटलं तर स्वेटरसारखी पूर्ण ओळ उसवत जाते.

जरदोसीत धातूच्या बारीक स्प्रिंगसारख्या तारेचे तुकडे मण्यांसारखे ओवून टाचतात. ते उठावदार आणि जड असतं. म्हणून जरदोसी कडेला, गळ्याला, बाहीच्या टोकाला घ्यावी. बसताना ज्यावर दाब येतो त्या मागच्या भागावर घेऊ नये, तार दबते आणि कापड फाटतं. गोटापट्टी राजस्थानची, विशेषतः जयपूरच्या बाजूची. सोनेरी-रुपेरी फितीचे तुकडे दुमडून पानंफुलं करतात आणि कापडाला टाचतात. चमक भरपूर आणि वजन कमी. नाचायचं असेल तर माझं मत गोटापट्टीलाच. कच्छी आरसेकामात आरसा भोवतीच्या टाक्यांच्या चौकटीत धरलेला असतो. आरसा चिकटवून वर नुसता दोरा फिरवला असेल तर नखाने हलकं ढकलून बघा, तो हलतो. चिकटवलेल्या खड्यांचंही तसंच. एप्रिल-मेच्या लग्नात घाम आणि उकाड्याने त्यांचा गोंद सुटतो.

काम कुठे घ्यायचं, याचं उत्तर पहिल्या ओळीत आधीच दिलेलं होतं. सीधा पल्ला असल्याने पुढच्या भागावर काहीच घेतलं नाही. पाठीवर डोरीखाली एक जरदोसीची बुट्टी, बाह्यांच्या टोकाला दोन इंची पट्टी आणि ओढणीच्या त्या एका टोकाला गोटापट्टी. ब्रोकेड विणीतच भरलेलं, म्हणून घागऱ्यावर फक्त खालची कड. वरून अजून भरलं असतं तर विणलेली फुलदाणी दिसलीच नसती.

चौथ्या ओळीत वजनही लिहिते. घरच्या वजनकाट्यावर आधी रिकामं उभं राहायचं, मग घागरा आणि ओढणी हातात घेऊन, आणि फरक बघायचा. माझ्या अनुभवात चार किलोच्या पुढे गेलेला लेहेंगा तीन तास अंगावर ठेवणं कठीण जातं. भाचीचा पावणेतीन भरला.

कळीदार घागऱ्याच्या शिवणीही तिरक्या असतात आणि थोड्या उतरतात, म्हणून कड दुमडायच्या आधी तो दोन दिवस कमरपट्टीने टांगला. पाव इंच उतरला होता, तोही फक्त चार शिवणींवर. चपला घालून तिला स्टुलावर उभं केलं, जमिनीपासूनचं अंतर पट्टीने मोजत खडूने गोल खूण केली आणि मग कड दुमडली.